मातीत दडलेल्या फासळ्या

8 मीटर उंच भराव म्हणजे जवळजवळ तीन मजले माती. ती अडवणारी काँक्रीटची भिंत समोरून पाहिली तर सपाट आणि चकित करणारी पातळ दिसते. तिचं बळ मागे, मातीत गाडलेलं असतं. दर 3 मीटरवर भिंतीच्या पाठीला काँक्रीटची एक त्रिकोणी फासळी जोडलेली असते, पायाशी रुंद आणि वर निमुळती. तिला काउंटरफोर्ट म्हणतात.

फासळ्या नसत्या तर? कोरड्या वाळूमिश्रित मातीचा आडवा रेटा पायथ्याशी दर चौरस मीटरला सुमारे 4.8 टन असतो. भिंत फक्त पायात रोवलेली असेल, तर तिला तळाशी मोडू पाहणारा मोमेंट उंचीच्या घनाप्रमाणे वाढतो. 8 मीटरला तो भिंतीच्या दर मीटर लांबीमागे 51 टन-मीटर भरतो. त्यासाठी भिंत अवाढव्य जाड करावी लागते.

फासळ्या आल्या की भिंत उभ्या दिशेने वाकायचं जवळपास सोडून देते आणि दोन फासळ्यांमधला आडवा स्लॅब होते. घरातला स्लॅब दोन तुळयांवर टेकतो, तसाच हा, फक्त उभा केलेला. आता हिशेब 3 मीटरच्या गाळ्याचा: 4.8 गुणिले 3 चा वर्ग, भागिले 12. उत्तर 3.6 टन-मीटर! 51 वरून 3.6. अगदी तळाशी भिंत पायातही रोवलेली असल्याने तिथे थोडं उभं वाकणं उरतं, पण मुख्य सळ्या आता आडव्या पडतात. गाळ्याच्या मध्यावर त्या समोरच्या अंगाला असतात, तर फासळीपाशी मातीच्या अंगाला.

तो प्रचंड मोमेंट नाहीसा झालेला नसतो, तो फासळीकडे गेलेला असतो. 3 मीटरचा मिळून 154 टन-मीटर. पण पायथ्याशी फासळी साडेतीन मीटर खोल असेल, तर तिच्या तिरप्या कडेला 25 मिलिमीटरच्या पाचेक सळ्या पुरतात. मला या बांधणीतलं सर्वांत सुंदर गणित हेच वाटतं.

नाजूक जागा मात्र सांध्याची आहे. माती भिंतीला फासळीपासून दूर ढकलते, म्हणजे हा सांधा दाबला जात नाही, ओढला जातो. तळाजवळ दर मीटर उंचीला 14 टनांहून जास्त ओढ असते, आणि ती पेलायला भिंतीला कवटाळून फासळीत शिरणाऱ्या आडव्या सळ्या लागतात. त्या कमी पडल्या तर भिंत फासळ्या सोडून पुढे येते.

हा सगळा हिशेब कोरड्या मातीचा आहे. निचरा तुंबून भराव माथ्यापर्यंत पाण्याने भरला, तर तळाचा रेटा 4.8 वरून 10 टनांच्या वर जातो. म्हणून भर पावसात अशा भिंतीजवळून जाताना तिची वीप होल पाहा. बाहेर धो धो कोसळत असताना ती कोरडी ठणठणीत असतील आणि दोन फासळ्यांच्या मधोमध उभी चीर दिसत असेल, तर भिंतीची देखभाल करणाऱ्यांना त्याच दिवशी कळवा.