दिवसाआड घेतलेली गोळी

समजा, ६३ वर्षांचे एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत. बारा वर्षांपासून मधुमेह. महिन्याला औषधांचं बिल २,८०० रुपये आणि त्यासाठी खिशात जेमतेम १,२००. तोंडाने सांगायचा संकोच वाटतो, म्हणून ते वहीचं पान फाडून लिहितात:

‘डॉक्टरसाहेब, नमस्कार. साखरेची नवी गोळी १,३५० रुपयांना पडते, कॅल्शियम-जीवनसत्त्वांचे ६०० आणि बाकी जुन्या गोळ्यांचे ८५०. दोन महिने झाले, नवी गोळी मी दिवसाआड घेतोय. मला महिन्याला १,२०० परवडतात. त्यात बसेल असं काही करता येईल का?’

या चिठ्ठीत सगळ्यात मोलाचं वाक्य पैशांचं नाही, दिवसाआडचं आहे. ते कळलं नाही, तर वाढलेली साखर पाहून डॉक्टर समजतात की औषध कमी पडतंय. मग डोस वाढतो किंवा आणखी एक गोळी येते, आणि न परवडणारं बिल आणखी फुगतं.

आकडे समोर असले की डॉक्टरांनाही कात्री कुठे लावायची ते दिसतं. या रुग्णाच्या रक्ततपासणीत जीवनसत्त्वांची कमतरता नसेल, तर त्या गोळ्या बंद करता येतात, सहाशे वाचले. नवी गोळी म्हणजे सिटाग्लिप्टिन. तिचं पेटंट भारतात २०२२ मध्ये संपलं आणि त्याच वर्षी जनऔषधी केंद्रांत १०० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या शंभर रुपयांना मिळू लागल्या. त्या दराने महिन्याचे तीनशे. जुन्या गोळ्यांचे ८५० धरून बिल १,१५०. औषध तेच, फक्त पाकीट वेगळं.

हे काम मेडिकलवाल्यावर सोपवून भागत नाही. चिठ्ठीवर कंपनीचं नाव असेल तर नियमानुसार त्याला परस्पर दुसरी गोळी देता येत नाही. डॉक्टरांनी ब्रँडऐवजी ‘सिटाग्लिप्टिन १०० मिलिग्रॅम’ असं लिहून दिलं, की जनऔषधीचा मार्ग मोकळा होतो.

अर्थात प्रत्येक गोळी अशी बदलता येत नाही. अपस्मार किंवा थायरॉइडच्या औषधात कंपनी बदलली, तरी डॉक्टर लक्ष ठेवतात. थायरॉइडला तर पुन्हा रक्त तपासतात. मधुमेहातही जुनं, स्वस्त ग्लिमेपिराइड सुरू करायचं ठरलं, तर साखर एकदम उतरण्याचा धोका असतो: दरदरून घाम, हातांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी. म्हणून शेजाऱ्याची स्वस्त गोळी बघून आपली आपण बदलू नये. बदल जमला की नाही, हे तीन महिन्यांनी एचबीए१सी तपासणीत कळतं.

आणि अशी चिठ्ठी लिहिलीच, तर ती नंबर लागण्याआधी कंपाउंडरकडे द्यावी, सोबत औषधांची शेवटची पावती टाचून.