गेट उघडं, तर मशीन बंद

धडगाव परिसरातून दरवर्षी दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला उतरतात. एखादा तरुण मात्र वापी, दमण किंवा जळगावच्या प्लास्टिक कारखान्यात हेल्पर म्हणून लागला, तर पहिल्याच पाळीत त्याच्या पुढ्यात इंजेक्शन मोल्डिंग मशीन येऊ शकतं. काम सोपं दिसतं: गेट सरकवायचं, तुकडा काढायचा, गेट लावायचं.

त्या गेटमागे साच्याचे दोन भाग लहान मशीनवरही शंभर टनांच्या जोराने मिटतात. गेट सरकलं की लिमिट स्विच साचा मिटण्याचा आदेश तोडतो. चांगल्या मशीनवर एवढ्यावर भिस्त नसते. दुसरा स्विच असतो, तेलाची वाट बंद करणारा व्हॉल्व्ह असतो आणि अनेक मशीनवर गेट उघडताच खाली पडून साच्याला अडवणारी लोखंडी पट्टी असते.

मग हात सापडतो कसा? सायकल 30 सेकंदांची धरा, त्यात गेटचे 3 सेकंद. आठ तासांत 960 तुकडे होतात. गेट सतत उघडं ठेवलं तर 1,066. या शंभरेक तुकड्यांसाठी, जिथे एका स्विचवरच भिस्त असते अशा मशीनवर, स्विचच्या दांडीवर चिकटपट्टी गुंडाळली जाते आणि मशीन टायमरवर चालू लागतं. एखादा तुकडा अडकतो, तो सोडवायला हात आत जातो आणि वेळ भरताच साचा मिटतो. चिकटपट्टी कामगाराने लावलेली असली, तरी माझ्या मते दोष टार्गेट ठरवणाऱ्याचा.

भाजण्याची गोष्ट वेगळी. पॉलिप्रॉपिलीन 200 ते 250 अंशांवर वितळलेलं असतं. नॉझल तुंबलं आणि हीटर चालूच राहिले, की आत वायू साठतो आणि माल अचानक बाहेर उसळतो. म्हणून पर्जिंग करताना समोर उभं राहू नये. तोंडावर फेसशील्ड आणि हातात जाड मोजे हवेत. प्लास्टिक कातडीला चिकटलं तर ओढून काढायचं नाही. वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचं आणि दवाखाना गाठायचा.

रबर प्रेसवर बहुधा गेटच नसतं. दीड-पावणेदोनशे अंशांच्या तव्यांमध्ये कामगार हातानेच माल ठेवतो. अडकलेली हवा जावी म्हणून प्रेस मध्येच किंचित उघडून पुन्हा मिटते. नवख्याला ती उघडलीच असं वाटतं. दोन्ही हातांनी दाबायची बटणं यासाठीच असतात. त्यातलं एक लाकडाच्या कपचीने दाबून ठेवलं, की एक हात मोकळा होतो आणि धोक्यात येतो.

साचा बदलणं हेल्परचं काम नाही. दोन भाग पट्टीने जखडल्याशिवाय आणि आयबोल्ट पूर्ण आवळल्याशिवाय साचा चेन पुलीला लटकवू नये. मशीनची वीज बंद करून कुलूप सेटरने स्वतः लावावं.

नव्या कारखान्यात लागलात, तर सुपरवायझरला एवढंच सांगा: हात बाहेर ठेवून, गेट उघडं असताना साचा मिटवायचं बटण दाबून दाखवा. साचा जरासाही हलला, तर दुरुस्ती होईपर्यंत त्या मशीनवर उभे राहू नका.