टिकल्या, पाऊस आणि तलावाचे पाणी

लोणावळा, कर्जत, अलिबाग या भागांतल्या बंगल्यांच्या छोट्या जलतरण तलावांत मे महिन्याच्या अखेरीस एक कोडे पडते. टेस्ट किटच्या नळीत पाण्याचा नमुना घेऊन थेंब टाकले की रंग व्यवस्थित पिवळा येतो, म्हणजे क्लोरीन ३ पीपीएम आहे. तरीही तलावाच्या भिंती बुळबुळीत झालेल्या असतात आणि पाण्यावर हिरवट झाक चढलेली असते. देखभाल करणारा माणूस आणखी दोन टिकल्या टाकतो. आठवड्याने पाणी अधिकच हिरवे दिसते.

या कोड्याचे उत्तर त्या टिकल्यांतच आहे. बाजारात टीसीसीए नावाने मिळणाऱ्या पांढऱ्या टिकल्यांत क्लोरीन सायन्युरिक आम्लाशी जोडलेले असते. या आम्लाला तलाववाले ‘स्टॅबिलायझर’ म्हणतात, आणि त्याचे काम महत्त्वाचे आहे. उघड्या तलावातले साधे क्लोरीन भर उन्हात तासाभरातच निम्म्याहून कमी उरते. स्टॅबिलायझर बरेचसे क्लोरीन स्वतःशी धरून ठेवतो आणि उन्हापासून वाचवतो. ते वापरले गेले की थोडे थोडे मोकळे सोडतो. पाण्यात तो ३० ते ५० पीपीएम असला की दुपार निभावते.

अडचण अशी की क्लोरीन रोज खर्च होते, स्टॅबिलायझर मात्र जवळजवळ खर्चच होत नाही. तो उन्हाने उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही. पाणी बदलल्याशिवाय तो कमी होत नाही, म्हणून प्रत्येक टिकलीबरोबर साठत जातो.

उदाहरणादाखल आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल असा तलाव घेऊ. त्यात ४० हजार लिटर पाणी मावते. २०० ग्रॅमची एक टिकली या पाण्यात साधारण साडेचार पीपीएम क्लोरीन देते आणि सोबत पावणेतीन पीपीएम स्टॅबिलायझर सोडते. उन्हाळ्यात अशा तलावाला रोज २ पीपीएम क्लोरीन लागते असे धरले, तर फेब्रुवारीच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतच्या साडेतीन महिन्यांत २१० पीपीएम क्लोरीन घालावे लागेल. ते सगळे टिकल्यांतून आले, तर स्टॅबिलायझर सव्वाशेच्या घरात पोहोचतो.

तलावाच्या धंद्यातला ढोबळ नियम असा, की मोकळे क्लोरीन स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्क्यांच्या आसपास राहिले पाहिजे. स्टॅबिलायझर ४० असेल तर ३ पीपीएम क्लोरीन पुरते. तो १२५ झाला की नऊच्या पुढे लागते. किटची नळी बांधलेले आणि मोकळे क्लोरीन वेगळे दाखवत नाही. चाचणीचे रसायन बांधलेले क्लोरीनही ओढून घेते आणि रंग तेवढाच पिवळा येतो. म्हणून मे महिन्यातले ३ पीपीएम कागदावर पुरेसे असते आणि शेवाळापुढे तोकडे पडते.

यावर औषध नाही, पाणी बदलणे हाच उपाय आहे. निम्मे पाणी काढून नवे भरले की १२५ चे साठ-बासष्ट होते. ४० हजार लिटरच्या तलावात याचा अर्थ दहा हजार लिटरचे दोन टँकर, तेही ऐन टंचाईत. हे टाळायचे तर स्टॅबिलायझर ४० च्या आसपास आला की टिकल्या थांबवून द्रवरूप क्लोरीनवर, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटवर यायला हवे. त्यात स्टॅबिलायझर नसतो. दहा टक्के ताकदीचे द्रावण असेल, तर या तलावाला २ पीपीएमसाठी सुमारे ८०० मिलिलिटर पुरते. ते सूर्य मावळल्यावर, पंप चालू ठेवून घालावे, म्हणजे रात्रभर काम करते. उष्णतेने या द्रावणाची ताकद उतरते, त्यामुळे कॅन एकदम भरून ठेवण्यापेक्षा ताजे आणणे बरे.

पीएचची गोष्ट याच धाग्यात गुंतलेली आहे. पाण्यातल्या मोकळ्या क्लोरीनची दोन रूपे असतात. जंतू मारणारे रूप पीएच ७.५ ला जवळपास निम्मे असते आणि ८ ला पाव हिश्श्याहूनही कमी उरते. म्हणून ७.२ ते ७.६ हा पट्टा धरायचा. टिकल्या आम्लधर्मी असतात. त्या पाण्यातली क्षारता, म्हणजे पीएच सावरून धरणारे बायकार्बोनेट, हळूहळू खात जातात. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात क्षारता भरपूर असेल, तर कित्येक आठवडे पीएच हलत नाही आणि मालक निश्चिंत राहतो. मग क्षारता संपत आली की पीएच भराभर सातच्या खाली येतो. टाइल्सच्या सांध्यांतले सिमेंट झिजू लागते, शिडीचे आणि पंपाचे धातूचे भाग खराब होतात. हायपोक्लोराइटवर आल्यावर गाडी उलट्या दिशेने जाते आणि पीएच वर सरकत राहतो. तलावाला धबधबा किंवा कारंजे असेल तर अधिकच, कारण उडणाऱ्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो. तेव्हा थोडे मुरियाटिक आम्ल लागते. क्षारता १०० पीपीएमच्या आसपास असेल, तर या तलावाचा पीएच ८ वरून ७.५ वर आणायला अर्धा लिटरभर आम्ल पुरते. क्षारता अडीचशे असेल तर दुपटीहून अधिक. आधी निम्मेच घालावे, पंप काही तास चालू द्यावा आणि पुन्हा मोजावे.

जूनमध्ये सगळा हिशोब फिरतो. लोणावळ्यात वर्षाला चार मीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच. सव्वा मीटर खोलीच्या उघड्या तलावावर एवढे पाणी कोसळते, तेव्हा ओव्हरफ्लोमधून जुने पाणी वाहून जात राहते. टँकर आणूनही जे जमले नसते ते पाऊस फुकट करतो. गणपतीपर्यंत स्टॅबिलायझर बहुतांशी धुऊन निघालेला असतो, पण क्षारताही त्याच्याबरोबर जाते, कारण पावसाच्या पाण्यात ती जवळजवळ नसतेच. आता थोड्याशा रसायनानेही पीएच वर-खाली उड्या मारतो. क्षारता ४० वर आलेली दिसली, तर ती ८० पर्यंत नेण्यासाठी या तलावात दोन किलो सातशे ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. तो दोन-तीन हप्त्यांत घालावा. ढगाळ हवेत क्लोरीन उडून कमी जाते, परंतु वाहत आलेली माती आणि पालापाचोळा ते खातात. त्यामुळे जोराच्या सरीनंतर जाळीने कचरा काढून मगच क्लोरीन मोजावे.

खरी फसगत ऑक्टोबरमध्ये होते. ऊन कडक पडते आणि पाण्यात स्टॅबिलायझर नसतो. सकाळी ३ पीपीएम दिसणारे क्लोरीन दुपारी शून्यावर येते. मेमध्ये ज्या टिकल्यांनी घोळ केला, त्याच आता उपयोगी पडतात. साधारण अकरा टिकल्या, एकेक करून फ्लोटरमधून विरघळवल्या की स्टॅबिलायझर तिसाच्या आसपास येतो, क्लोरीनही मिळते. तिथून पुढे पुन्हा द्रवरूप क्लोरीन.

या बदलांच्या वेळा हाताशी मोजमाप असल्याशिवाय कळत नाहीत, आणि दोन बाटल्यांच्या स्वस्त किटमध्ये स्टॅबिलायझरची चाचणी नसते. ती वेगळी घ्यावी लागते. नमुन्यात रसायन मिसळले की पाणी दुधाळ होते, ते नळीत हळूहळू ओतायचे आणि तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला तिथला आकडा वाचायचा. फेब्रुवारीत, मेच्या सुरुवातीला आणि पाऊस संपल्यावर अशी तीनदा चाचणी केली तरी पुरे. क्लोरीन आणि पीएच मात्र उन्हाळ्यात रोज पाहावे.

एक धोका साठवणुकीचा आहे. टिकल्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर दोन्हींना लोक ‘क्लोरीन’च म्हणतात आणि एकाच फ्लोटरमध्ये भरतात. ओलसर झालेल्या या दोन रसायनांचा संयोग पेट घेऊ शकतो, स्फोटही होऊ शकतो. दोन्हींची भांडी आणि मापे वेगळी हवीत. आम्ल तर हायपोक्लोराइटच्या खोलीतही ठेवू नये, कारण दोन्ही सांडून मिसळले की विषारी क्लोरीन वायू निघतो.