ऑर्डरचा खरा रस्ता

स्विमलेन नकाशा म्हणजे एखादे काम कोणाच्या हातून कोणाच्या हाती जाते याचे चित्र. पोहण्याच्या तलावात दोऱ्या बांधून पट्टे पाडतात, तसे कागदावर आडवे पट्टे आखून एकेक पट्टा विक्री, अकाउंट्स, स्टोअर आणि डिस्पॅच यांना दिला जातो. ज्याचे काम त्याच्या पट्ट्यात चौकोन, निर्णयाच्या जागी शंकरपाळा आणि पुढची दिशा दाखवायला बाण. अमेरिकेतील गिअरी रमलर आणि अ‍ॅलन ब्रॅश यांच्या 1990 मधील पुस्तकामुळे ही पद्धत सर्वत्र पोचली.

ईआरपी बसवण्याआधी हा नकाशा काढायचा तो नियमपुस्तिकेवरून नव्हे, तर नुकत्याच पुऱ्या झालेल्या आठ-दहा ऑर्डरींच्या कागदांवरून. त्यांत रखडलेली आणि परत आलेलीही हवी. प्रत्येक टप्प्यावर माणसाच्या जागी जाऊन तीन गोष्टी विचारायच्या: काम कशावरून सुरू झाले, नोंद कुठे केली आणि पुढे कोणाला दिले. साहेब शेजारी उभे असतील, तर उत्तर नियमातले मिळते. म्हणून ही विचारपूस एकट्याने करावी.

समजा, पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात 40 नगांची ऑर्डर सोमवारी सकाळी आली. नियमाप्रमाणे विक्री, उधारीची तपासणी, स्टोअर, बिल आणि रवानगी असा सरळ रस्ता. प्रत्यक्षात कागद अकाउंट्सच्या ट्रेमध्ये बुधवारपर्यंत पडून राहिला, कारण थकबाकी असलेल्या ग्राहकाला मंजुरी फक्त मालक देतात. पुढे स्टोअरमध्ये 28 नगच निघाले. स्टोअरकीपरने विक्रीवाल्याला फोन केला, त्याने ग्राहकाला विचारले आणि गुरुवारी 28 पाठवायचे ठरले. उरलेले 12 स्टोअरकीपरच्या वहीत गेले. शुक्रवारी बिल झाले, शनिवारी ट्रक निघाला. हातातले काम दोन तासांचे, प्रवास सहा दिवसांचा.

नकाशावर हा फोन आणि ती वही तुटक रेषेने दाखवतात आणि बाणांवर थांबलेला वेळ लिहितात. बहुतेक वेळ चौकोनांत नव्हे, पट्टे ओलांडणाऱ्या बाणांवर गेलेला दिसतो. वही नकाशातून सुटली, तर नव्या प्रणालीत अपुऱ्या मालाची आणि उरलेल्या नगांची सोयच राहत नाही. मग वही तशीच चालू राहते आणि संगणकातला साठा खोटा ठरतो.

नकाशा खरा उतरला का, हे कळायला एक ताजी ऑर्डर त्यावर बोट ठेवून शेवटपर्यंत चालवावी. बोट कागदाबाहेर गेले, तर तिथे चौकोन राहिला आहे. अशी किती वेळा गत होते, हे मात्र नकाशा सांगत नाही. त्यासाठी महिनाभराच्या ऑर्डरी मोजाव्याच लागतात. रोज घडणाऱ्या अपवादाला ईआरपीत जागा द्यावी लागते. वर्षातून एकदा घडणारा हाताने निभावतो.