‘पर्यंत’चे दोन अर्थ

आमच्या ऑफिसातल्या एका मुलीनं परदेशातल्या ग्राहकाला मेल लिहिला: ‘आय विल सेंड द ड्रॉइंग्ज टिल फ्रायडे.’ तिला म्हणायचं होतं, ‘ड्रॉइंग्ज शुक्रवारपर्यंत पाठवते.’ तासाभरानं उत्तर आलं, ‘रोज किती पाठवणार आहात?’ तिला वाटलं, हा आपली थट्टा करतोय. पण त्यानं अगदी सरळ मनानं विचारलं होतं. तिच्या वाक्याचा इंग्रजी कानाला लागणारा अर्थ होता, ‘मी शुक्रवार येईपर्यंत ड्रॉइंग्ज पाठवत राहीन.’

चूक मुलीची होती, पण तिला चकवलं ‘पर्यंत’नं. मराठीत हे एकच अव्यय दोन कामं करतं. ‘शुक्रवारपर्यंत पाठवते’ म्हणजे काम शुक्रवारी किंवा त्याआधी कधीतरी एकदा उरकेल. ‘शुक्रवारपर्यंत गावी आहे’ म्हणजे तोवर सलग तिथेच मुक्काम आहे. आपला गोंधळ होत नाही, कारण फरक क्रियापद सांगतं. ‘पाठवते’ आणि ‘पाठवत राहते’ यांत सगळं आलं. इंग्रजीनं हा फरक अव्ययावरही टाकला आहे. एकदाच होऊन संपणाऱ्या कामाच्या मुदतीला बाय, आणि चालू राहणाऱ्या स्थितीला अनटिल किंवा टिल. (टिल आणि अनटिल यांत अर्थाचा फरक नाही, टिल जरा बोलीतलं आहे इतकंच.)

ओळखायची खूण सोपी आहे. आपल्या मराठी वाक्यात ‘पर्यंत’च्या जागी ‘च्या आत’ घालून पाहावं. ‘शुक्रवारच्या आत पाठवते’ चालतं, म्हणजे तिथे बाय. ‘शुक्रवारच्या आत गावी आहे’ हे कानाला खटकतं, म्हणजे तिथे अनटिल. पाठवणं, संपवणं, कळवणं, पैसे भरणं ही बायची गिऱ्हाइकं. असणं, थांबणं, वाट पाहणं, उघडं राहणं ही अनटिलची.

वाक्यात ‘नाही’ आलं की मात्र ही खूण पुरत नाही, कारण तिथे मराठी वाक्यच दोन वाटांवर उभं असतं. ‘फाइल शुक्रवारपर्यंत तयार होणार नाही’ या वाक्याचा अर्थ काय? एक म्हणजे, शुक्रवारी मिळेल, त्याआधी मागू नका. दुसरा म्हणजे, शुक्रवार उजाडला तरी मिळणार नाही. समोरासमोर असताना हे आवाजावरून कळतं. इंग्रजीत ‘नॉट रेडी अनटिल फ्रायडे’ म्हटलं की पहिला अर्थ आणि ‘नॉट रेडी बाय फ्रायडे’ म्हटलं की दुसरा. एका शब्दानं समोरच्याला शुक्रवारची आशा मिळते, दुसऱ्यानं ती जाते. अशा वेळी सरळ ‘फाइल शुक्रवारी तयार होईल’ किंवा ‘फाइल सोमवारी मिळेल’ असं होकारार्थी लिहावं. वाचणाऱ्याला अर्थ काढत बसावं लागत नाही.

दुसरा सापळा ‘दोन तासांत’ आणि ‘दोन तासांनी’ या जोडीत आहे. इथे मराठी जास्त काटेकोर आहे. ‘दोन तासांत फोन करतो’ म्हणजे दहा मिनिटांनीही फोन येऊ शकतो. ‘दोन तासांनी’ म्हणजे दोन तास झाल्यावर. आता ‘तासांत’ मधला ‘त’ दिसला की आपला हात आपोआप ‘इन टू अवर्स’कडे जातो. पण ‘आय विल कॉल यू इन टू अवर्स’ याचा इंग्रजी वाचकाला कळणारा अर्थ ‘दोन तासांनी’ हा आहे. तो बिचारा दोन तास दुसऱ्या कामाला लागतो आणि आपला फोन विसाव्या मिनिटाला वाजतो. ‘दोन तासांत’साठी विदिन वापरावं. काम किती वेळात उरकलं हे सांगतानाही इन येतं, जसं ‘ड्रॉइंग दोन तासांत काढलं’. पण मेलमध्ये पुढच्या वेळेचा वायदा करताना इन म्हणजे ‘नंतर’ हे धरून चालावं.

राहिली ऑन, ॲट आणि इन ही शाळेत शिकलेली तिकडी. घड्याळातली नेमकी वेळ ॲटकडे, वार आणि तारीख ऑनकडे, महिना आणि वर्ष इनकडे. एवढं बहुतेकांना येतं. चूक होते ती मराठी ‘ई’मुळे. सोमवारी, सकाळी, दुपारी, रात्री, पुढच्या सोमवारी: आपल्याकडे सगळ्यांना एकच प्रत्यय. इंग्रजीत ‘सकाळी’ला इन लागतं आणि ‘रात्री’ला ॲट. पण ‘सोमवारी सकाळी’ म्हटलं की वार वरचढ ठरतो आणि ‘ऑन मंडे मॉर्निंग’ होतं. ‘पुढच्या सोमवारी’त ‘ई’ आहे म्हणून पुष्कळ जण ‘ऑन नेक्स्ट मंडे’ लिहितात. नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी हे शब्द मागे असले की अव्यय गळतं. टुमारो आणि टुडे यांनाही ते लागत नाही.

अव्यय बरोबर असूनही एक प्रश्न उरतो: ज्या दिवसाचं नाव घेतलं, तो दिवस मुदतीत धरायचा की नाही? ‘बाय फ्रायडे’मध्ये सहसा शुक्रवार येतो, पण शुक्रवारी सकाळी नऊ की संध्याकाळी सहा हे कळत नाही. ‘ऑन लीव्ह अनटिल फ्रायडे’ वाचून कुणी शुक्रवारी फोन करतं, कुणी थेट सोमवारी. मराठीतल्या ‘शुक्रवारपर्यंत रजेवर’चीही हीच गत आहे. इलाज व्याकरणात नाही. मुदतीला वेळ जोडावी आणि रजेच्या बाबतीत कामावर परतण्याचा दिवस लिहावा. ‘नेक्स्ट मंडे’चंही तसंच. आपल्याकडे ‘येत्या सोमवारी’ आणि ‘पुढच्या सोमवारी’ वेगळे ठेवता येतात, इंग्रजीत मात्र कुणी जवळचा सोमवार धरतं, कुणी त्यानंतरचा. शेजारी तारीख लिहिली की वाद मिटतो.

आता एक पूर्ण मेल घेऊ. मनात मराठी असं आहे: ‘मी गुरुवारपर्यंत रजेवर आहे. अहवाल शुक्रवारपर्यंत पाठवतो. बैठक पुढच्या सोमवारी सकाळी अकराला घेऊ. शंका असल्यास कळवा, दोन तासांत उत्तर देतो.’ शब्दाला शब्द लावला तर पहिल्या वाक्यात टिल बरोबर बसेल, दुसऱ्यात तेच टिल चुकेल, तिसऱ्यात नेक्स्टच्या आधी फालतू ऑन येईल आणि चौथ्यात इन घुसेल. नीट लिहिलेला मेल असा होईल: ‘आय ॲम ऑन लीव्ह अनटिल थर्सडे अँड विल बी बॅक ऑन फ्रायडे, 12 सप्टेंबर. आय विल सेंड द रिपोर्ट बाय 5 पी. एम. दॅट डे. लेट अस मीट ॲट 11 ए. एम. ऑन मंडे, 15 सप्टेंबर. इफ यू हॅव क्वेश्चन्स आफ्टर आय ॲम बॅक, आय विल रिप्लाय विदिन टू अवर्स.’

शेवटच्या वाक्यात ‘परतल्यावर’ घातलं आहे ते मुद्दाम. मूळ मराठी मेलमध्ये माणूस रजेवर होता आणि दोन तासांत उत्तरही देणार होता. ती विसंगती इंग्रजीत लिहिताना दिसली, कारण विदिन लिहायला गेलं की ‘कशापासून दोन तास?’ हा प्रश्न आपोआप पडतो.

त्या मुलीनं नंतर मेल दुरुस्त करून पाठवला. बदललेला शब्द एकच, टिलच्या जागी बाय. पण आता ती ‘पाठवा’ दाबण्याआधी मनातल्या मनात ‘शुक्रवारच्या आत’ असं एकदा पुटपुटते.