तपासनिसाला पाठवलेले कागद

आमच्या मोहल्ल्यात एका न्यासाचे छोटे वाचनालय आहे. त्याचा वर्षाचा हिशेब ३१ मार्चला बंद होतो आणि मग तो तपासला जातो. २०२५ साली हिशेब तपासनिसांनी पत्र पाठवून चार गोष्टी मागितल्या. रोखकीर्द, पावती पुस्तके, खर्चाची प्रमाणके आणि बँकेचा खातेउतारा. प्रमाणक म्हणजे खर्चाचा पुरावा, जसे दुकानदाराचे बिल.

चिटणीस चाचा म्हणाले, "सगळे एका पिशवीत घालून देऊन टाकू." पण मग काय दिले आणि काय राहिले, हे पुढे कोणालाच सांगता आले नसते. म्हणून आम्ही आधी सूची केली. पत्रात ज्या क्रमाने मागणी होती, तोच क्रम ठेवला.

१. रोखकीर्द, मूळ, पाने १ ते ८४
२. पावत्यांच्या स्थळप्रती, मूळ, क्र. १ ते १५०
३. प्रमाणके, मूळ, क्र. १ ते ६२ (क्र. ४१ नाही)
४. खातेउतारा, छायाप्रत, पाने ६

सूची करताना प्रत्येक कागदाचा क्रमांक पाहावा लागतो. त्यामुळे उणीव आपोआप दिसते. पावती क्र. ८७ वर 'रद्द' असे लिहिले होते, पण तिच्या दोन्ही प्रती पुस्तकातच होत्या. म्हणजे ती उणीव नव्हती. प्रमाणक क्र. ४१ मात्र खरोखरच नव्हते.

चाचा म्हणाले, "जुनी तारीख घालून नवा कागद करू या का?" मी म्हणालो, "नाही चाचा, तो बनावट कागद होईल." त्याऐवजी आम्ही सूचीखाली टीप लिहिली.

"प्रमाणक क्र. ४१ (वीज बिल, रु. १,२४०, दि. ९ नोव्हेंबर २०२४) सापडले नाही. रक्कम धनादेशाने दिली आहे. तिची नोंद खातेउताऱ्याच्या पान ४ वर आहे. बिलाच्या दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज केला आहे. ती मिळताच पाठवू."

खातेउतारा होता, मग बिल कशाला हवे? कारण पैसे वीज कंपनीला गेले, एवढेच उताऱ्यावरून कळते. ते वाचनालयाच्या मीटरचे होते की दुसऱ्या कोणाच्या, हे बिलावरूनच कळते.

पत्राच्या आम्ही दोन प्रती केल्या. एक कागदांसोबत दिली आणि दुसरीवर पोच म्हणून सही व तारीख घेतली.

पंधरा दिवसांनी बिलाची प्रत आली. मीटर वाचनालयाचाच होता. मात्र बिल रु. १,२१० चे होते. मुदतीनंतर भरल्यामुळे वर रु. ३० दंड पडला होता आणि रोखकीर्दीत दोन्ही रकमा एकत्र लिहिल्या होत्या. आम्ही ती प्रत 'पुरवणी, क्र. ४१' म्हणून पाठवली आणि दंडाची गोष्ट पत्रात स्पष्ट लिहिली.