नव्या माणसाची ओळख करून देताना

दवनीवाड्यासारख्या गावात कापडाचं दुकान चालवणाऱ्याला "टीम", "मीटिंग" हे शब्द जरा मोठेच वाटतील. पण सहा माणसं रोज दहा-अकरा तास एका छताखाली काम करत असतील तर तुम्ही काहीही म्हणा, ती टीमच झाली. आमच्याकडे दर शनिवारी सकाळी शटर उघडण्याआधी अर्धा तास सगळे गादीवर बसतात. मागच्या आठवड्यात कोणता माल गेला, कोणता पडून राहिला, कुणाची उधारी थकली, एवढंच बोलणं होतं. चहा होतो आणि दुकान सुरू होतं. नवा माणूस कामावर आला की त्याची ओळखही याच बैठकीत होते. हे ओळखीचं भाषण चार-पाच मिनिटांचं असतं, पण त्यावर पुढचे कितीतरी दिवस अवलंबून असतात. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळायला एक चांगला सेल्समन गमवावा लागला.

ती गोष्ट २०१४ च्या दिवाळीआधीची. शहरातल्या मोठ्या दुकानात काम केलेला एक तरुण आमच्याकडे आला. सूटिंग-शर्टिंगचा त्याला चांगला तजुर्बा होता. शनिवारी मी स्वतः उठून सांगितलं, "हे फार हुशार आहेत, यांना सगळं येतं. यांच्याकडून शिका आणि यांना सहकार्य करा." मला वाटलं, मी त्याची इज्जत वाढवली. झालं उलटंच. "सगळं येतं" म्हटल्यावर कोणता तागा कोणत्या फळीवर आहे हे त्याला कुणी सांगेना, आणि विचारायला त्याला शरम वाटू लागली. "यांच्याकडून शिका" हे ऐकून वीस वर्षं माझ्याकडे असलेले चाचा दुखावले. ते तोंडाने काही बोलले नाहीत. फक्त भाव करून करून दमवणारं गिऱ्हाईक आलं की ते त्याच्याकडे वळवू लागले. आणि "सहकार्य करा" हे मी सगळ्यांना म्हटलं होतं, त्यामुळे ते कुणाचंच काम नव्हतं. मुलगा एकोणिसाव्या दिवशी गेला. जाताना भांडला नाही, माझ्याशी नीट बोलून गेला.

मागे वळून पाहिलं तर खूण पहिल्याच आठवड्यात दिसत होती. नवा माणूस पहिल्या आठ दिवसांत कुणालाच काही विचारत नसेल तर तो शिकला असं समजू नये. विचारायची वाट बंद झाली आहे, असं समजावं.

त्यानंतर दुकानाचा रोजचा कारभार मी मॅनेजरवर सोपवला. ते पूर्वी आमच्याकडेच हिसाब लिहायचे. मागच्या वर्षी लग्नसराईच्या तोंडावर त्यांनी एका बाईंना कामावर घेतलं. आमच्या भागात धान विकून हातात पैसा आला की बस्त्याची खरेदी सुरू होते. एकेका घराचे पंधरा-वीस लोक एकदम दुकानात येतात, त्यांत अर्ध्याहून अधिक बायका. लेडीज काउंटरवर बाई हवी, ही गोष्ट बरीच वर्षं टळत आली होती. या बाई घरी शिलाई करायच्या. दुकानात कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

शनिवारच्या आधी मॅनेजरांनी दोन कामं केली. शुक्रवारी संध्याकाळी ते बाईंसोबत पंधरा मिनिटं बसले आणि तीन गोष्टी विचारल्या. कुणाला न विचारता उद्यापासून काय करता येईल? कोणतं काम आजवर कधीच केलेलं नाही? आणि सगळ्यांसमोर काय सांगू नये? तिसऱ्या प्रश्नावर बाई म्हणाल्या, नोकरी का करावी लागते आहे ते तेवढं बोलू नका. हा प्रश्न विचारला नसता तर मॅनेजरांनी भल्या मनाने तेच पहिल्यांदा सांगितलं असतं, आणि बाईंकडे सगळे दयेने पाहू लागले असते. दुसरं काम म्हणजे ते चाचांना भेटले. लेडीज काउंटर आजवर चाचांचं होतं. त्यात वाटेकरी येणार ही खबर त्यांना भरल्या बैठकीत पहिल्यांदा कळू नये, म्हणून ती आधी एकट्यात सांगितली. चाचांनी विचारलं, "माझं काय?" मॅनेजर म्हणाले, "बस्त्याचं गिऱ्हाईक तुमचंच. सुटं कापड आणि ड्रेस मटेरियल त्यांचं." चाचा खूश झाले असं मी म्हणणार नाही, पण बैठकीत त्यांचा चेहरा पडला नाही.

शनिवारी मॅनेजर जे बोलले ते मला बरंचसं आठवतं, ते असं:

"या ताई आजपासून आपल्याकडे. बारा वर्षं शिलाई करतात. अंगावर कापड धरून किती लागेल ते सांगतात, पन्हा पाहून हिसाब बदलतात. घरी पोवारी बोलतात, त्यामुळे खेड्यावरच्या बायकांशी त्यांचं लवकर जमेल. कापड किती लागेल याबद्दल शंका आली तर आजपासून आपण त्यांना विचारायचं, मीसुद्धा. आता त्यांनी न केलेली कामं. मीटरपट्टीवर माप घालून कापणं, बिल करणं आणि आपल्या फळ्या. फळ्या चाचा दाखवतील, रोज सकाळी दहा मिनिटं, एका दिवशी एकच भिंत. कापायला भाऊ शिकवतील. पहिले पंधरा दिवस भाऊ बाजूला उभे असल्याशिवाय ताई कापणार नाहीत. त्यांना येत नाही म्हणून नाही, पण कापलेलं कापड परत जोडता येत नाही. बिल मी शिकवीन, दुपारी गर्दी नसताना. चिठ्ठीवरचा कोड एक महिन्यानंतर सांगू, तो नियम आपल्या सगळ्यांनाच होता. गिऱ्हाईक समोर असताना ताईंची चूक कुणी दाखवायची नाही. मला सांगा, मी त्यांना सांगेन. पुढच्या शनिवारी ताईच सांगतील की काय जमलं आणि काय अडलं."

एवढंच. टाळ्या झाल्या नाहीत, हारही नव्हता.

या बोलण्यात "हुशार", "मेहनती" असा एकही शब्द नाही, याकडे वाचकांनी लक्ष द्यावं. हुन्नर सांगितला तो उद्या दुकानात वापरता येईल अशा शब्दांत. पन्ह्याचंच पाहा. पूर्ण बाहीच्या शर्टाला ३६ इंच पन्ह्याचं कापड साधारण सव्वादोन मीटर लागतं, तेच ५८ इंच पन्ह्याचं असेल तर एक मीटर साठमध्ये भागतं. पाठ केलेलं हे माप आमचे सगळेच सेल्समन सांगतात. पण गिऱ्हाईक ठेंगणं, भारी अंगाचं असेल, किंवा कापडावर एकाच दिशेची नक्षी असेल, तेव्हा पाठ केलेलं माप चुकतं. न आटवलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे चार-पाच सेंटिमीटर आखडू शकतं, तेही धरावं लागतं. हे शिवणाऱ्याला कळतं, विकणाऱ्याला कळतंच असं नाही. म्हणून "आपण त्यांना विचारायचं" या वाक्याचा फायदा दोन्हीकडून झाला. नवा माणूस पहिल्याच दिवशी फक्त घेणारा उरला नाही, देणाराही झाला.

जे येत नाही ते चारचौघांत सांगणं मात्र नाजूक काम आहे. आदल्या दिवशी त्या माणसाला विचारून, त्याने हो म्हटलं तरच ते सांगावं. नाहीतर तो अपमान होतो. आणि सांगितलं की लगेच त्याच दमात कोण शिकवणार, केव्हा आणि किती दिवस, हे आलं पाहिजे. नुसती उणीव सांगून थांबलात तर लोकांच्या डोक्यात तेवढीच राहते.

कोडबद्दल दोन शब्द, कारण इथे मनं दुखतात. कापड दुकानात खरेदीची किंमत चिठ्ठीवर अक्षरांत लिहिण्याची जुनी रीत आहे. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द ठरवतात आणि एकेका अक्षराला एकेक आकडा देतात. ज्याला शब्द माहीत, त्याला आपला मुनाफा माहीत. तो शब्द नव्या माणसाला पहिल्या दिवशी देत नाहीत. पण हे गुपचूप केलं तर त्याला वाटतं, माझ्यावर संशय आहे. जुन्यांना वाटतं, याच्यात काही खोट असावी. "नियम सगळ्यांनाच होता" एवढं मोकळेपणाने म्हटलं की ती गाठ बसतच नाही. पगार मात्र बैठकीत बोलू नये. आमच्या मॅनेजरांनीही तो बोलला नाही.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. पहिल्या आठवड्यात बाईंनी कापलेल्या प्रत्येक तुकड्यात चार-एक सेंटिमीटर कापड जास्त जात होतं. दिवसाला पंचवीस तुकडे धरले तर रोज एक मीटर फुकट. भाऊंचं म्हणणं, मी पट्टीला पट्टी लावून शिकवलं. मग हे कुठून आलं? फळ्या दाखवता दाखवता चाचांनी आपली जुनी पद्धत सांगितली होती की दर मापाला दोन बोटं सोडायची, गिऱ्हाईक दुवा देतं. आम्ही शिकवणारा नेमला होता, पण बाकीच्यांनी त्या कामात हात घालू नये हे बोलायचं राहून गेलं होतं.

दुसऱ्या शनिवारी बाईंनी स्वतःच हे काढलं. "मला दोघांनी दोन मापं सांगितली, कोणतं खरं?" चाचा हसले, भाऊंनी मान खाली घातली. मॅनेजर म्हणाले की सुटं कापड पट्टीला पट्टी, आणि बस्त्यात चाचांना वाटलं तर त्यांनी दोन बोटं सोडावीत, ती दुकानाकडून. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "शेटजी, हे आपणच पंधरा वर्षांत कधी ठरवलं नव्हतं." खरंच ठरवलं नव्हतं. त्या दिवशी चहा गार झाला आणि शटर दहा मिनिटं उशिरा उघडलं.